अतिथी-परिचयातील विनोद : औचित्य आणि मर्यादा

सारांश

महाविद्यालयीन कार्यक्रमांत प्रमुख पाहुण्यांचा परिचय करून देताना एखादे हलकेफुलके वाक्य योजण्याची पद्धत सर्वत्र आढळते. अशा वाक्याने कधी सभागृह आणि वक्ता यांच्यातील अंतर कमी होते, तर कधी पाहुण्यांचा नकळत अवमान होतो. या दोहोंतील भेद विनोदाच्या सौम्यतेवर वा तीव्रतेवर अवलंबून नसून विनोदासाठी निवडलेल्या गोष्टीवर अवलंबून असतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. हा भेद ओळखण्याच्या तीन कसोट्या मांडून दोन प्रत्यक्ष प्रसंगांच्या आधारे त्या येथे तपासल्या आहेत.

बीजसंज्ञा : अतिथी-परिचय, हास्य, परिहाससंबंध, औचित्य, सूत्रसंचालन.

प्रस्तावना

चर्चासत्र असो, वाङ्मय मंडळाचे उद्घाटन असो वा राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचा समारोप असो, आपल्याकडील कार्यक्रमपत्रिकेचा क्रम बहुधा ठरलेला असतो. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, सत्कार, मनोगते, प्रमुख भाषण, अध्यक्षीय समारोप आणि आभार. यांपैकी परिचयाचे काम प्रायः तरुण प्राध्यापकाकडे येते. आदल्या दिवशी पाहुण्यांचा जीवनवृत्तान्त हाती पडतो, त्यातील पदव्या, पदे, ग्रंथ व पुरस्कार यांची यादी तयार होते आणि ती वाचून दाखविताना सभागृह कंटाळेल अशी भीती वाटू लागते. या भीतीतून परिचयकर्ता एखादा विनोद शोधू लागतो. हा शोध स्वाभाविक आहे. तथापि तो कोठे घ्यावा याचा विचार क्वचितच होतो.

प्रस्तुत लेखकाने गेल्या काही वर्षांत असे अनेक परिचय करून दिले व ऐकले आहेत. त्यांतील एका प्रसंगी झालेली चूक स्वतः लेखकाची आहे आणि या लेखनाची प्रेरणाही तीच आहे. विवेचन अतिथी-परिचयापुरतेच मर्यादित असून सूत्रसंचालनातील वा भाषणातील विनोदाचा विचार येथे केलेला नाही.

परिचयातील विनोदाचे वेगळेपण

भाषणात वक्ता विनोद करतो तेव्हा तो स्वतःच्या जबाबदारीवर करतो, आणि श्रोत्यांना तो आवडला नाही तर हानी त्याची होते. परिचयात विनोद करणारा एक, ज्याच्याविषयी विनोद होतो तो दुसरा आणि हसणारे तिसरे, अशी त्रिकोणी रचना असते. यातील दुसरी व्यक्ती, म्हणजे पाहुणे, विलक्षण अडचणीच्या जागी बसलेली असते. ते व्यासपीठावर आहेत, त्यांचा चेहरा सर्वांना दिसतो आहे, हाती ध्वनिक्षेपक नाही, आणि ते यजमानांच्या आदरातिथ्याखाली आहेत. विनोद आवडला नाही तरी त्यांना हसावेच लागते. न हसल्यास तेच खिलाडूवृत्तीचे नाहीत असा अर्थ निघतो.

यावरून पहिला निष्कर्ष असा निघतो की, परिचयाच्या वेळी पाहुण्यांच्या चेहऱ्यावर दिसणारे हसू हा विनोद साधल्याचा पुरावा मानता येत नाही. सभागृहातील हशा हाही पुरावा नव्हे, कारण अवमानकारक विनोदालाही हशा मिळतोच. खरा पुरावा पाहुण्यांच्या भाषणाच्या पहिल्या दोन मिनिटांत सापडतो. विनोद साधला असेल तर पाहुणे तो धागा उचलतात, त्यात स्वतःची भर घालतात आणि मग विषयाकडे वळतात. तो फसला असेल तर ते खुलासा करतात, दुरुस्ती सुचवितात, किंवा इतर सर्वांचा उल्लेख करून परिचयकर्त्याचा उल्लेख टाळतात. पहिला प्रतिसाद स्वीकाराचा आहे, उरलेले बचावाचे आहेत.

आपल्या कार्यक्रमाच्या क्रमामुळे यात आणखी एक गुंतागुंत निर्माण होते. परिचयानंतर लगेच पाहुणे बोलत नाहीत. मध्ये सत्कार होतो, प्राचार्यांचे मनोगत होते, कधी पुस्तकाचे प्रकाशन होते. या अर्ध्या-पाऊण तासात फसलेले वाक्य सभागृहात तसेच राहते, आणि पाहुण्यांना ते मनात घोळवीत बसावे लागते.

शास्त्रकारांचा आधार

हास्यरसाचे विवेचन करताना भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्याची कारणे सांगितली आहेत. विकृत वेष, विकृत अलंकार, धार्ष्ट्य, असंबद्ध बोलणे यांच्याबरोबर तेथे व्यंगदर्शन आणि दोषोदाहरण यांचाही निर्देश आहे. म्हणजेच दुसऱ्याचे व्यंग दिसले वा दोष सांगितला गेला की हसू येते, हे शास्त्रकारांनी स्पष्टपणे मान्य केले आहे. तथापि हे विवेचन नाट्याचे आहे, ही गोष्ट विसरता कामा नये. रंगभूमीवरील विदूषकाचे व्यंग हे पात्राचे असते. प्रयोग संपल्यावर नट ते उतरवून ठेवतो. व्यासपीठावरील पाहुण्यांना असे करता येत नाही. त्यांच्यावर ठेवलेला दोष कार्यक्रमानंतर त्यांच्याबरोबर घरी जातो.

भरताने हास्याचे सहा प्रकारही सांगितले आहेत. स्मित व हसित उत्तम प्रकृतीच्या, विहसित व उपहसित मध्यम प्रकृतीच्या आणि अपहसित व अतिहसित अधम प्रकृतीच्या व्यक्तींचे, अशी ती विभागणी आहे. प्रकृतींची ही उतरंड आज तशीच्या तशी स्वीकारण्याचे कारण नाही. मात्र हास्याला पायऱ्या असतात आणि प्रत्येक प्रसंगाची पायरी वेगळी असते, हे त्यातील तत्त्व उपयुक्त आहे. परिचयाला स्मित पुरेसे असते. पोट धरून हसविणारा परिचय पुढील गंभीर व्याख्यानाची बैठकच मोडून टाकतो.

आधुनिक मानसशास्त्रात पीटर मॅक्ग्रॉ आणि कॅलेब वॉरन यांनी 2010 मध्ये मांडलेली उपपत्ती येथे सहायक ठरते. त्यांच्या मते एखादी गोष्ट रूढ संकेताचा भंग करणारी आणि त्याच वेळी निरुपद्रवी वाटली की हसू येते. नुसता संकेतभंग असेल तर राग येतो. नुसतीच निरुपद्रवी गोष्ट असेल तर कंटाळा येतो. परिचयाच्या संदर्भात अडचण अशी की, ‘निरुपद्रवी’ हे कोणाच्या दृष्टीने ठरवायचे? श्रोत्यांना जे निरुपद्रवी वाटते ते पाहुण्यांना तसे वाटेलच असे नाही, कारण त्या गोष्टीमागील इतिहास केवळ पाहुण्यांनाच ठाऊक असतो. परिचयातील बहुतेक अपघात या एका फटीतून होतात.

थट्टेचा अधिकार

मानवशास्त्रज्ञ ए. आर. रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी 1940 मध्ये परिहाससंबंधांविषयी एक निबंध लिहिला. काही नात्यांत थट्टा करण्याची समाजमान्य मुभा असते आणि जिची थट्टा होते त्या व्यक्तीने राग मानायचा नसतो, असे त्यांनी दाखविले. काही नात्यांत ही मुभा दोन्ही बाजूंनी असते, तर काहींत एकाच बाजूला असते. आपल्याला हे समजण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. मेहुण्या-मेहुण्यांतील, दीर-भावजयीतील, आजोबा-नातवंडांतील थट्टा मराठी घरांत रूढ आहे. तेच वाक्य सुनेने सासऱ्यांना उद्देशून उच्चारले तर घरात शांतता पसरेल. वाक्य तेच असते, अधिकार बदललेला असतो.

परिचयकर्ता आणि पाहुणे यांच्यात असे नाते नसते. बहुधा त्यांची पहिली भेट त्याच दिवशी सकाळी स्थानकावर वा प्राचार्यांच्या कक्षात झालेली असते. आयोजकांनी परिचयाचे काम सोपविले म्हणजे थट्टेचा अधिकारही दिला, अशी समजूत होते. पण हा अधिकार आयोजक देऊच शकत नाहीत. तो केवळ पाहुणेच देऊ शकतात. पाहुण्यांचे वर्गमित्र असलेले ज्येष्ठ प्राध्यापक परिचयात ‘वसतिगृहात हे माझ्या चपला घालून जात’ असे सांगतात तेव्हा ते खपते, कारण त्या अधिकाराला तीस वर्षांचा सहवास आहे. तेच वाक्य दुसऱ्या कोणी ऐकीव माहितीवर उच्चारले तर चपला चोरल्याचा आरोप झाल्यासारखे वाटते.

स्वतःजवळ असा अधिकार नसलेल्या परिचयकर्त्याला तो मिळविण्याचा एकच सरळ मार्ग आहे. पाहुण्यांनी स्वतःविषयी जो विनोद स्वतः केला असेल, तोच त्यांच्या अनुमतीने पुढे न्यावा.

एक साधलेला प्रसंग

वनस्पतिशास्त्राच्या एका कार्यशाळेत लेखकाच्या सहकारी प्राध्यापिकेने पाहुण्यांचा परिचय करून दिला. पाहुणे सह्याद्रीतील वनस्पतींचे अभ्यासक, निवृत्त प्राध्यापक. बाईंनी चार दिवस आधी त्यांना दूरध्वनी केला आणि जीवनवृत्तान्तातील तपशील पडताळून घेतले. शेवटी त्यांनी विचारले, ‘सर, आपले विद्यार्थी आपली कोणती आठवण सांगतात?’ सर हसून म्हणाले, ‘मी सहलीत नेहमी मागे राहतो. झाड दिसले की थांबतो. पोरे बसमध्ये बसून माझ्या नावाने ओरडत असतात.’ बाईंनी लगेच विचारले, ‘हे परिचयात सांगितले तर चालेल का?’ सर म्हणाले, ‘अवश्य सांगा, खरेच आहे ते.’

परिचयात बाईंनी प्रथम सरांचे संशोधन, मग त्यांनी उभारलेला वनस्पतिसंग्रह यांविषयी सांगितले आणि नंतर म्हणाल्या, ‘सरांच्या सहलीची बस वेळेवर सुटल्याची नोंद त्यांच्या विभागात कोठेही नाही. मात्र ज्या वनस्पतीसाठी बस थांबली, तिची नोंद संग्रहात हमखास आहे.’ सभागृहात हशा पिकला. सर बोलावयास उभे राहिले तेव्हा त्यांचे पहिले वाक्य होते, ‘आज माझी बस वेळेवर सोडण्याचे मी आयोजकांना वचन दिले आहे.’ पुन्हा हशा झाला आणि त्यांनी विषयाला हात घातला.

या वाक्याची रचना पाहण्यासारखी आहे. पूर्वार्धात एक दोष आहे, सर वेळ पाळत नाहीत. उत्तरार्धात त्या दोषाचे कारण येते आणि ते कारण म्हणजेच त्यांची विद्वत्ता आहे. दोष आणि गुण एकाच मुळातून निघाल्यामुळे श्रोते हसतात तेव्हाच त्यांचा आदरही वाढतो. विनोद विषयाबाहेरचा नाही. वनस्पती, संग्रह, सहल हे सर्व कार्यशाळेच्याच विषयातील आहे. आणि त्यात पाहुण्यांना उत्तर देण्यासाठी एक दार मोकळे ठेवलेले आहे. बसचा धागा उचलणे त्यांना सहज शक्य झाले.

एक फसलेला प्रसंग

दुसरा प्रसंग लेखकाचा स्वतःचा आहे. इतिहासाच्या एका व्याख्यानासाठी आलेल्या पाहुण्यांचा जीवनवृत्तान्त वाचताना लेखकाच्या असे लक्षात आले की, त्यांची पीएच.डी.ची नोंदणी आणि पदवी यांत अकरा वर्षांचे अंतर आहे. लेखक त्या वेळी नुकताच एम.फिल. होऊन पुढील नोंदणीच्या खटपटीत होता, त्यामुळे हा तपशील डोळ्यांत भरला. परिचयात वाक्य आले ते असे : ‘सरांनी अठराव्या शतकाच्या इतिहासावर प्रबंध लिहिला, तो इतका सखोल होता की, पूर्ण होईपर्यंत प्रबंधाचाच एक इतिहास तयार झाला.’ सभागृह हसले. सरही हसले. लेखक समाधानाने खाली बसला.

सत्कार व प्राचार्यांचे मनोगत झाल्यावर सर उभे राहिले. आभाराचे दोन शब्द बोलून ते म्हणाले, ‘प्रबंधाला अकरा वर्षे लागली हे खरे आहे. मध्यंतरी माझे मार्गदर्शक गेले आणि त्यानंतरची चार वर्षे घरात आजारपण होते.’ एवढे बोलून त्यांनी व्याख्यान सुरू केले. आवाजात राग नव्हता. पण ज्यांनी हसून दाद दिली होती ते सर्व श्रोते आता खाली पाहत होते, आणि त्यांना तेथे आणून उभे करणारा परिचयकर्ता पहिल्याच रांगेत होता.

बरेच दिवस लेखकास असे वाटत राहिले की, वाक्य थोडे मृदू केले असते तर हे टळले असते. विचारान्ती हे मत टिकत नाही. ‘सखोल’ हा शब्द त्या वाक्यात होताच, म्हणजे स्तुतीचा मुलामा दिलेलाच होता. दोष शब्दांत नसून निवडलेल्या गोष्टीत होता. अकरा वर्षे ही गोष्ट कागदावर होती, पण तिचे कारण कागदावर नव्हते. लेखकाने ते कारण गृहीत धरले आणि जे गृहीत धरले ते म्हणजे संथपणा. उशीर, खंड, बदली, विषय बदलणे, नोकरी सोडणे, अविवाहित राहणे, अकाली निवृत्ती या सर्व गोष्टी जीवनवृत्तान्तात तारखांच्या रूपाने दिसतात, आणि प्रत्येक तारखेमागे आजारपण, मृत्यू, अन्याय वा अपमान असण्याची शक्यता असते.

या पाहुण्यांविषयी विनोद करणे शक्यच नव्हते काय? होते. व्याख्यानानंतर चहाच्या वेळी लेखकाने क्षमा मागितली तेव्हा सरांनीच विषय बदलून सांगितले की, मोडी कागद वाचून वाचून त्यांचे स्वतःचे अक्षर असे झाले आहे की घरातील किराणा मालाची यादीही दुकानदार परत पाठवितो. हे वाक्य चार दिवस आधी दूरध्वनीवर मिळाले असते. ‘सरांनी इतके मोडी कागद वाचले आहेत की, त्यांची देवनागरीतील यादीसुद्धा आता दुकानदाराला लिप्यंतर करून द्यावी लागते,’ असे म्हणता आले असते. येथेही दोष आहे, वाईट हस्ताक्षराचा; पण तो त्यांच्या व्यासंगातून आलेला आहे.

तीन कसोट्या

या दोन प्रसंगांच्या तुलनेतून तीन प्रश्न हाती येतात. परिचय लिहून झाल्यावर त्यातील हलक्या वाक्याला हे प्रश्न विचारून पाहावेत.

पहिला प्रश्न : ही गोष्ट आपल्याकडे कोठून आली? ती पाहुण्यांनी स्वतः, आजच्या प्रसंगासाठी सांगितलेली असेल तर मार्ग मोकळा आहे. सहकाऱ्याने खाजगीत सांगितलेली, जीवनवृत्तान्तातून आपण ताडलेली, किंवा पाहुण्यांनी दुसऱ्या मैफलीत सांगितलेली असेल तर विचारल्यावाचून ती वापरू नये. माणूस मित्रांत स्वतःवर हसतो, याचा अर्थ तो तीनशे विद्यार्थ्यांसमोर हसून घेण्यास तयार आहे असा होत नाही.

दुसरा प्रश्न : या गोष्टीचे कारण आपल्याला ठाऊक आहे काय? बस उशिरा सुटण्याचे कारण बाईंना ठाऊक होते. प्रबंधाला लागलेल्या काळाचे कारण लेखकास ठाऊक नव्हते. कारण ठाऊक नसेल तर ती गोष्ट, कितीही गमतीची वाटली तरी, सोडून द्यावी.

तिसरा प्रश्न : हशा ओसरल्यावर मागे काय उरते? विनोदातील गंमत काढून टाकून उरलेले विधान साध्या वाक्यात लिहावे. बसच्या विनोदातून उरते, ‘सर वनस्पतीसाठी कोठेही थांबतात.’ प्रबंधाच्या विनोदातून उरते, ‘सरांना पदवीला फार वेळ लागला.’ पहिले वाक्य परिचयात गंभीरपणे सांगता येईल, दुसरे येणार नाही. जे गंभीरपणे सांगता येत नाही ते विनोदाच्या आडून सांगू नये, हा या कसोटीचा अर्थ आहे.

या तिसऱ्या कसोटीवर आपल्याकडील काही रूढ विनोद टिकत नाहीत. आडनावावरील कोटी हा त्यांतील सर्वांत प्रचलित. पाहुण्यांनी ती कोटी शाळेपासून शेकडो वेळा ऐकलेली असते. शिवाय आडनावाबरोबर जात व गाव यांची सूचना येत असल्यामुळे कोटी कोणत्या दिशेने ऐकली जाईल हे परिचयकर्त्याच्या हाती राहत नाही. दुसरा प्रकार पाहुण्या विदुषींविषयीचा. ‘घर, स्वयंपाक सांभाळून बाई संशोधन कशा करतात हे सरांनाच विचारायला हवे’ अशा वाक्याला हमखास हशा मिळतो. उरणारे विधान मात्र असे असते की, संशोधन हे त्यांचे मुख्य काम नव्हे. पुरुष पाहुण्यांविषयी हे वाक्य कोणी उच्चारत नाही, यावरूनच त्याचा खरा अर्थ ध्यानात यावा.

तुलनेचा धोका : एक सुविख्यात उदाहरण

व्यासपीठावर दोन पाहुणे असतील तर आणखी एक दक्षता घ्यावी लागते. याचे जगाने पाहिलेले उदाहरण शैक्षणिक क्षेत्राबाहेरचे आहे, परंतु त्यातील यंत्रणा तीच असल्याने येथे नोंदविणे उचित वाटते. 16 जानेवारी 2011 रोजी अमेरिकेत झालेल्या गोल्डन ग्लोब पुरस्कार सोहळ्यात सूत्रसंचालक रिकी जर्व्हेस यांनी टॉम हँक्स आणि टिम ॲलन या दोन अभिनेत्यांना मंचावर बोलाविले. हँक्स यांच्या यशाची, चित्रपटांच्या उत्पन्नाची व पुरस्कारांची लांबलचक यादी त्यांनी सांगितली आणि दुसऱ्या पाहुण्यांविषयी केवळ ‘दुसरे आहेत टिम ॲलन’ एवढेच म्हटले. या वाक्यात एकही अपशब्द नाही. तरीही त्याने एका पाहुण्याची स्तुती दुसऱ्याच्या अवमानाचे साधन बनली. मंचावर आल्यावर दोघांनी मिळून जर्व्हेस यांनाच टोला लगावला. हँक्स म्हणाले की, पूर्वी हे किंचित स्थूल पण फार प्रेमळ विनोदवीर होते. ॲलन यांनी पुस्ती जोडली की, आता ते या दोहोंपैकी काहीही नाहीत. ज्यांची स्तुती झाली ते हँक्ससुद्धा परिचयकर्त्याच्या बाजूने उभे राहिले नाहीत, ही यातील ध्यानात घेण्याजोगी गोष्ट आहे.

त्याच सोहळ्यात रॉबर्ट डाउनी ज्युनियर यांना बोलाविताना जर्व्हेस यांनी व्यसनमुक्ती केंद्र व तुरुंग यांचा उल्लेख केला. डाउनी यांचा व्यसनाशी झालेला झगडा सर्वश्रुत होता आणि ते स्वतःही त्याविषयी बोललेले होते. तरी मंचावर येताच त्यांनी आजच्या कार्यक्रमात दुष्टावा असल्याचे उपरोधाने सुनावले. यावरून गोष्ट सर्वश्रुत असणे पुरेसे नसते, हे दिसते. हशा ओसरल्यावर जे उरले ते एका माणसाच्या आयुष्यातील सर्वांत वाईट काळाचे स्मरण होते.

अर्थात येथे एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. जर्व्हेस यांना पुढील वर्षी, 2012 मध्ये, पुन्हा त्याच कामासाठी बोलाविण्यात आले. करमणुकीच्या सोहळ्यात टोचणी हेच आकर्षण असते आणि पाहुण्यांना तत्क्षणी उत्तर देता येते. महाविद्यालयातील पाहुणे मात्र आपल्या विनंतीवरून, बहुधा अल्प मानधनावर, विद्यार्थ्यांना काही सांगण्यासाठी आलेले असतात. दूरचित्रवाणीवरील धाटणी तेथून उचलून येथे आणता येत नाही, ती याच कारणाने.

कार्यपद्धतीविषयी काही सूचना

पाहुण्यांची अनुमती घेताना ‘एक गंमत सांगितली तर चालेल ना?’ असे मोघम विचारू नये. भिडेखातर कोणीही ‘हो’ म्हणेल. प्रत्यक्ष वाक्य वाचून दाखवावे आणि ‘हे ठेवू की गाळू?’ असे दोन्ही पर्याय समोर ठेवून विचारावे. उत्तरापूर्वी क्षणभरही थांबल्यासारखे वाटले, किंवा ‘तुम्हाला योग्य वाटेल तसे करा’ असे उत्तर आले, तर तो नकार समजून वाक्य काढून टाकावे.

परिचय दोन-तीन मिनिटांचा, म्हणजे सुमारे तीनशे शब्दांचा असावा आणि त्यात हलके वाक्य एकच असावे. त्याची जागाही महत्त्वाची आहे. अगदी आरंभी ते आले तर पाहुण्यांचा अधिकार श्रोत्यांच्या मनात ठसण्यापूर्वीच त्यांचे व्यंग ठसते. अगदी शेवटी आले तर टाळ्यांबरोबर तेच लक्षात राहते. मुख्य कार्य सांगून झाल्यावर हलके वाक्य घ्यावे आणि त्यानंतर आजच्या विषयाशी पाहुण्यांचा संबंध जोडणारे एक गंभीर वाक्य उच्चारून परिचय संपवावा. स्मृतिव्याख्यान, शोकसभेला जोडून आलेला कार्यक्रम, किंवा ज्या विषयात श्रोत्यांपैकी कोणाचे दुःख गुंतलेले असू शकते असे व्याख्यान, या प्रसंगी विनोदाचा मोह टाळणेच श्रेयस्कर.

विनोद फसल्याचे भाषणाच्या पहिल्या दोन मिनिटांत ध्यानात आले तर काय करावे? ध्वनिक्षेपकावर येऊन ‘गंमत होती’ असा खुलासा करू नये. त्याने जखम पुन्हा उघडी पडते आणि पाहुण्यांवर सर्वांसमोर क्षमा करण्याची सक्ती होते. सूत्रसंचालकांनी तो धागा पुन्हा उचलू नये, याची चिठ्ठी पाठवून दक्षता घ्यावी. आभारप्रदर्शन करणाऱ्यांनी भाषणातील एखाद्या नेमक्या मुद्द्याचा उल्लेख करावा, म्हणजे सभागृहाच्या मनात शेवटी पाहुण्यांचे विचार राहतात. क्षमा मात्र त्याच दिवशी, खाजगीत आणि कारण न सांगता मागावी. कार्यक्रमाचे चित्रीकरण प्रसारित होणार असेल तर तेवढा भाग वगळावयास सांगणे, हेही परिचयकर्त्याचेच काम आहे.

समारोप

परिचयातील विनोदाचे यश त्याच्या चमकदारपणावर मोजण्याची सवय आपल्याला आहे. वरील विवेचनावरून दिसते की, ते निवडीवर मोजावयास हवे. ज्या दोषाचे मूळ पाहुण्यांच्या व्यासंगात आहे, ज्याचे कारण आपल्याला ठाऊक आहे आणि जो त्यांनी स्वतः आपल्या हाती दिला आहे, तेवढाच परिचयात घेण्याजोगा असतो. असे काही हाती नसेल तर विनोदावाचून केलेला परिचयही पुरेसा ठरतो. स्वच्छ, नेमक्या आणि पडताळून घेतलेल्या माहितीला सभागृह कंटाळत नाही. अकरा वर्षांच्या प्रबंधाचा तो प्रसंग घडल्यापासून लेखक जीवनवृत्तान्तातील तारखांकडे निराळ्या दृष्टीने पाहतो. दोन तारखांमधील अंतर दिसले की, तेथे विनोद शोधण्याऐवजी तो पाहुण्यांना दूरध्वनी करतो.